फोटोतल्या सर्किटवरून ट्रूथ टेबल भरताना आउटपुटचा रकाना कुठे चुकतो

अँड, ऑर आणि नॉटचे नियम दहा मिनिटांत पाठ होतात, आणि बहुतेकांचे झालेलेही असतात. तरीही लॉजिक गेटची वर्कशीट तपासताना शेवटचा रकाना चुकलेला सापडतो. इतकी वर्षे अशा वह्या पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की चूक नियमात क्वचितच असते. कुठली तार कुठून आली हे चुकीचे वाचलेले असते, किंवा चार गेटांचे काम एकाच वेळी डोक्यात करायला घेतलेले असते. सर्किट पुस्तकात न पाहता फोनवर आलेल्या फोटोत पाहायचे असेल, तर पहिली चूक आणखी वाढते.

म्हणून इथे दोन इनपुटची सोपी उदाहरणे गोळा करत बसत नाही. तीन इनपुट आणि पाच गेटांचे एकच सर्किट फोटोपासून शेवटच्या रकान्यापर्यंत नेऊ. मग तोच रकाना चुकला तर कसा दिसतो तेही पाहू, कारण चुकीच्या उत्तरावरून चूक नेमकी कुठे झाली हे बऱ्याचदा ओळखता येते.

## टप्पा १: आधी फोटो वाचण्यासारखा आहे का ते पाहा

सर्किटच्या चित्रात दोन गोष्टी फार लहान असतात: तारा जिथे जोडलेल्या असतात तिथला ठिपका आणि नॉटच्या टोकाचा बारीक गोल. फोटो धूसर झाला की याच दोन गोष्टी आधी नाहीशा होतात. गेटांचे मोठे आकार शाबूत राहतात, त्यामुळे फोटो ठीक आहे असेच वाटते.

फोटो तुम्हीच काढणार असाल तर कागद सपाट ठेवा, फोन बरोबर वरून धरा आणि सावली चित्रावर पडू देऊ नका. तिरप्या फोटोत लांबच्या बाजूचे गेट दबते आणि त्याच्या दोन पायांच्या तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. फोटो दुसऱ्याने पाठवला असेल तर शक्यतो मूळ फाइल मागवा. मेसेजमधून पाठवताना बहुधा फोटो लहान केला जातो, आणि त्यात ठिपक्याचा राखाडी डाग होतो.

पुढे जाण्यापूर्वी फोटो मोठा करून चारही कडा पाहा. डावीकडे इनपुटची सगळी अक्षरे दिसतात का? उजवीकडे आउटपुटचे अक्षर दिसते का? टेबलात तीन इनपुट आणि चित्रात दोनच अक्षरे असतील, तर काठाशी काहीतरी कापले गेले आहे. अंदाजाने अक्षर लिहू नका, फोटो पुन्हा मागवा.

## टप्पा २: सर्किट हाताने कागदावर उतरवा

हा टप्पा सगळेच वगळतात. फोनच्या पडद्यावर बोट फिरवत टेबल भरायला घेतले की चौथ्या ओळीपर्यंत कुठली तार कुठे जाते हे विसरायला होते. चित्र उतरवायला तीन-चार मिनिटे लागतात. चित्र सुबक काढायची गरज नाही, जोडण्या मात्र बरोबर हव्यात.

आधी गेट ओळखा. अँडची मागची बाजू सरळ आणि पुढची अर्धगोल असते. ऑरची मागची बाजू आत वळलेली आणि पुढचे टोक निमुळते असते. नॉट म्हणजे त्रिकोण आणि त्याच्या टोकाला बारीक गोल. धूसर फोटोत अँड आणि ऑर यांचा घोळ होतो तो पुढची बाजू पाहिल्यामुळे. दोन्ही पुढून गोलसर दिसतात. नेहमी मागची बाजू पाहा, जिथे तारा आत शिरतात ती. तिथे रेघ सरळ असेल तर अँड, वाकडी असेल तर ऑर.

काही वर्कशीटमध्ये सगळी गेटे चौकोनी असतात. तेव्हा चौकोनाच्या आतले चिन्ह वाचायचे: `&` म्हणजे अँड, `≥1` म्हणजे ऑर, आणि नुसता `1` असून आउटपुटला गोल असेल तर नॉट. इथे `≥1` मधले पुढचे चिन्ह फोटोत पुसट झाले तर ऑरचे नॉट वाटू शकते. पण नॉटला एकच तार आत येते आणि ऑरला किमान दोन, तेव्हा तारा मोजल्या की शंका मिटते.

नंतर तारा. एक तार दुसरीवर येऊन तिथेच संपत असेल, तर ती जोडलेलीच असते, मग ठिपका दिसो वा न दिसो. दोन तारा एकमेकींना ओलांडून दोन्ही पुढे जात असतील, तर ठिपका असेल तरच त्या जोडलेल्या. ठिपका नसेल तर एक तार दुसरीच्या वरून गेली, इतकाच त्याचा अर्थ. काही जण अशा ठिकाणी तारेला छोटी कमान काढतात, त्याचाही अर्थ तोच.

इशारा: दोन वेगवेगळे इनपुट, किंवा दोन गेटांची आउटपुट, एकाच तारेत थेट कधीच एकत्र येत नाहीत. तुमच्या वाचनात A आणि B एकमेकांना जोडले जात असतील तर तुम्ही ओलांडणीला जोडणी समजला आहात. A ला 0 आणि B ला 1 दिल्यावर त्या तारेवर काय असेल, याला उत्तरच उरत नाही.

### आपले सर्किट

फोटोत डावीकडे वरून खाली A, B, C अशी तीन इनपुट आहेत. A ची तार सरळ उजवीकडे जाऊन अँडच्या वरच्या पायात शिरते. B ची तार एका नॉटमधून जाते आणि त्याच अँडच्या खालच्या पायात येते. A च्या तारेवर एक ठिपका आहे. तिथून एक फाटा खाली उतरतो, नॉटच्या आधी B ची तार ओलांडतो आणि खालच्या ऑरच्या वरच्या पायात जातो. ओलांडणीवर ठिपका नाही. त्या ऑरच्या खालच्या पायात C येतो. ऑरच्या आउटपुटवर आणखी एक नॉट आहे. शेवटी अँडचे आउटपुट आणि या दुसऱ्या नॉटचे आउटपुट एका ऑरमध्ये जातात, आणि त्यातून X निघतो.

हे उतरवून झाले की प्रत्येक गेटाचे पाय मोजा. दोन नॉटना एकेक, अँडला दोन, दोन्ही ऑरना दोन-दोन, म्हणजे एकूण ८ पाय. तुमच्या कागदावरही ८ पायांना तारा जोडलेल्या असायला हव्यात. एखादा पाय मोकळा असेल तर एखादा फाटा उतरवायचा राहिला आहे.

रंगीत पेन हाताशी असतील तर A ची तार तिच्या फाट्यासकट एका रंगाने गिरवा, B दुसऱ्या, C तिसऱ्या. गिरवताना पेन उचलायचा नाही. ओलांडणीवर हात आपोआप सरळ जातो, आणि डोळ्याला पडलेला भ्रम तिथेच उघडा पडतो.

## टप्पा ३: मधल्या प्रत्येक तारेला नाव द्या

वर्कशीटमध्ये बहुधा A, B, C आणि X एवढेच रकाने छापलेले असतात. मधले रकाने छापले नाहीत म्हणजे ते करू नयेत असा अर्थ नाही. ते समासात किंवा कच्च्या कागदावर करा. प्रत्येक गेटातून बाहेर पडणाऱ्या तारेला एक अक्षर द्यायचे, आणि ते गेट कशावरून चालते हे त्याच्यापुढे लिहायचे:

```
P = NOT B
Q = A AND P
R = A OR C
S = NOT R
X = Q OR S
```

पाच गेटे, पाच ओळी. गेटे आणि ओळी यांची संख्या जुळली नाही तर इथेच थांबा आणि चित्र पुन्हा पाहा.

एका ओळीत एकच गेट असावे. `S = NOT (A OR C)` असे एकदम लिहिण्याचा मोह होतो. पण तसे लिहिले की भरताना बरेच जण कंस विसरतात आणि A व C वेगवेगळे उलटवून मग ऑर करतात. त्याचे उत्तर वेगळे येते, ते पुढे दाखवतो. R चा वेगळा रकाना केला की कंसाचा प्रश्नच येत नाही.

कधी नॉटचा त्रिकोण काढलेला नसतो, गोल थेट अँडच्या किंवा ऑरच्या टोकाला चिकटवलेला असतो. तेव्हाही दोन नावे द्या: गोलाच्या आधी एक, गोलानंतर एक. गोल गेटाच्या इनपुटच्या पायाशी असेल तर त्या एका पायापुरते मूल्य उलटवायचे, सगळ्या गेटाचे नाही.

## टप्पा ४: इनपुटचे रकाने ठरलेल्या क्रमाने भरा

तीन इनपुट असतील तर ८ ओळी, दोन असतील तर ४, चार असतील तर १६. एक इनपुट वाढला की ओळी दुप्पट होतात.

सुचेल तशी 0 आणि 1 ची जोडी लिहीत गेलात तर एखादी ओळ दोनदा येते आणि एखादी येतच नाही. त्यापेक्षा रकान्याने भरा. सगळ्यात उजवीकडचा C: 0, 1, 0, 1 असा एकेक बदलत. B: दोन 0, दोन 1, पुन्हा तसेच. A: वरची चार 0, खालची चार 1.

वर्कशीटमध्ये इनपुट आधीच छापलेले असतील तर त्यांचाच क्रम पाळा. काही ठिकाणी रकाने C, B, A असे उलटे असतात, किंवा ओळी मुद्दाम मागेपुढे केलेल्या असतात. अशा वेळी सवयीने X खाली लिहीत गेलात तर तर्क सगळा बरोबर असूनही उत्तरे चुकीच्या ओळींवर पडतात. म्हणून A, B, C ही अक्षरे वाचल्याशिवाय पहिला आकडा लिहू नका.

## टप्पा ५: एक गेट, एक अख्खा रकाना

बहुतेक जण ओळीने जातात: 000 घेतले, सगळ्या सर्किटमधून फिरवले, X लिहिला, मग 001. यात प्रत्येक ओळीला नियम पाच वेळा बदलतो. आठ ओळींत चाळीस वेळा. रकान्याने गेलात तर एका वेळी एकच नियम डोक्यात राहतो आणि हात त्याच नियमाने आठ वेळा चालतो.

क्रम एकाच गोष्टीवर ठरतो: गेटाच्या सगळ्या पायांचे रकाने तयार असतील तरच ते गेट भरायचे. चित्रात गेट वर आहे की खाली, याच्याशी क्रमाचा संबंध नाही. आपल्याकडे P आणि R लगेच भरता येतात. Q साठी P हवा, S साठी R हवा, आणि X सगळ्यात शेवटी.

रकाना भरताना सगळी मूल्ये शोधत बसू नका, त्या गेटाचे दुर्मीळ मूल्य तेवढे शोधा. अँडमध्ये 1 दुर्मीळ असतो. दोन्ही पाय 1 असलेल्या ओळी शोधा, तिथे 1 लिहा, उरलेल्या सगळ्यांत 0. ऑरमध्ये 0 दुर्मीळ. दोन्ही पाय 0 असलेल्या ओळी शोधा, तिथे 0, बाकी सगळीकडे 1. नॉटमध्ये रकाना जसा आहे तसा उलटवायचा.

ऑरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मराठीत आपण ‘हे किंवा ते’ म्हणतो तेव्हा दोनपैकी एकच, असे बहुधा मनात असते. ऑर गेटचा ‘किंवा’ तसा नाही. दोन्ही पाय 1 असतील तरीही आउटपुट 1 च. याच ठिकाणी 0 लिहिणारे बरेच भेटतात. काही जण ऑरसाठी वापरले जाणारे अधिकचे चिन्ह पाहून 1 आणि 1 ची बेरीज 2 लिहितात. टेबलात 0 आणि 1 यांशिवाय तिसरा आकडा दिसला की समजावे, बेरीज झाली.

आता भरू.

P. फक्त B चा रकाना पाहायचा आणि उलटवायचा: 1 1 0 0 1 1 0 0.

Q. A आणि P दोन्ही 1 कुठे आहेत? A तर खालच्या चार ओळींतच 1 आहे. त्यांत P 1 आहे तो 100 आणि 101 या ओळींत. तिथे 1, बाकी सगळीकडे 0.

R. A आणि C दोन्ही 0 कुठे? 000 आणि 010. तिथे 0, उरलेल्या सहा ओळींत 1. ही पायरी करताना नजर शेजारच्या B वर घसरते, कारण B चा रकाना A आणि C यांच्या मध्येच बसलेला असतो. B वर कागदाची पट्टी ठेवली तर बरे.

S. R उलटवा. 000 आणि 010 मध्ये 1, बाकी 0.

X. Q आणि S दोन्ही 0 असलेल्या ओळी 001, 011, 110, 111. तिथे 0, उरलेल्या चार ओळींत 1.

```
A B C | P Q R S | X
0 0 0 | 1 0 0 1 | 1
0 0 1 | 1 0 1 0 | 0
0 1 0 | 0 0 0 1 | 1
0 1 1 | 0 0 1 0 | 0
1 0 0 | 1 1 1 0 | 1
1 0 1 | 1 1 1 0 | 1
1 1 0 | 0 0 1 0 | 0
1 1 1 | 0 0 1 0 | 0
```

तपासणी: प्रत्येक मधल्या रकान्यात 1 किती आले ते मोजा. Q हा अँड आहे आणि त्याचे दोन पाय A व B या वेगळ्या इनपुटांवरून येतात, म्हणून आठपैकी दोनच 1 हवेत. R हा ऑर आहे, त्याचे पाय A आणि C, म्हणून सहा 1. S त्याचा उलट, म्हणून दोन. ही मोजणी X ला लावू नका. X च्या दोन्ही पायांत A चा हात आहे, आणि पाय एकमेकांपासून स्वतंत्र नसले की हा हिशेब बसत नाही.

## टप्पा ६: वेगळ्या वाटेने ताळा करा

तीच आकडेमोड पुन्हा केली तर तीच चूक पुन्हा होते. ताळ्यासाठी वाट बदला. फाटे फुटलेला एक इनपुट निवडा आणि तो स्थिर धरून सर्किट वाचा. इथे तो A.

A ला 1 धरा. मग R नक्की 1, कारण ऑरचा एक पाय 1 असला की बस. म्हणजे S नक्की 0. आता X मध्ये Q तेवढा उरला, आणि A 1 असल्यामुळे Q म्हणजे P, म्हणजे उलटवलेला B. टेबलाच्या खालच्या अर्ध्यात X हा 1 1 0 0 आहे आणि B हा 0 0 1 1. जुळले.

A ला 0 धरा. अँडचा एक पाय 0, म्हणून Q नक्की 0. R म्हणजे नुसता C, S म्हणजे उलटवलेला C. वरच्या अर्ध्यात X हा 1 0 1 0 आहे आणि C हा 0 1 0 1. हेही जुळले.

हा ताळा करताना सर्किट काय करते तेही कळले. A एखाद्या बदलीच्या खटक्यासारखा आहे: वर असेल तर B चा उलटा X वर जातो, खाली असेल तर C चा उलटा. वर्कशीटमध्ये ‘हे सर्किट काय करते’ असा उपप्रश्न असेल तर त्याचे उत्तर हेच, आणि ते टेबलाकडे टक लावून सापडत नाही.

## रकाना चुकला असेल तर चूक कुठे

बरोबर रकाना वरून खाली `10101100`. तुमचा वेगळा आला असेल तर पूर्ण खोडण्याआधी तो पुढच्यांपैकी कशाशी जुळतो का ते पाहा.

`10001100` आला असेल तर फरक एकाच ओळीत आहे, 010 मध्ये. ही सगळ्यात फसवी चूक. A चा फाटा खाली उतरताना B ला ओलांडतो, तिथे तुम्ही तो फाटा B पासून निघाला असे वाचले. म्हणजे R हा A आणि C चा न होता B आणि C चा झाला. आठपैकी सात ओळी बरोबर येतात. दोन-तीन ओळी नमुना म्हणून तपासणारा बहुधा हिला पकडू शकत नाही. वरचा A वाला ताळा मात्र पकडतो, कारण वरच्या अर्ध्यात X ला C च्या उलट असायला हवे होते. चित्रात खात्री करायची तर उभ्या फाट्याचे वरचे टोक शोधा. ते B च्या वर A पर्यंत पोचते का? पोचत असेल तर फाटा A चाच.

`10100011` आला असेल तर वरचा अर्धा बरोबर आणि खालचा पूर्ण उलटा आहे. B वरचा नॉट वगळला गेला. फोटोत त्रिकोण दिसला असेल आणि गोल दिसला नसेल. गोल नसलेला त्रिकोण आलेले मूल्य तसेच पुढे पाठवतो, त्यामुळे नुसत्या अँड, ऑर आणि नॉटच्या वर्कशीटमध्ये त्याला काही काम नसते. असा त्रिकोण दिसला की गोल फोटोत हरवला असे धरून मूळ चित्र पाहा.

`01011111` आला असेल तर दुसरा नॉट वगळला गेला, आणि R थेट शेवटच्या ऑरमध्ये गेला. सहा 1 आले म्हणून शंका यायला हवी.

`11111110` याला दोन कारणे असू शकतात आणि रकान्यावरून ती वेगळी करता येत नाहीत. एक, A आणि C आधी वेगवेगळे उलटवले आणि मग ऑर केला. दोन, खालचा ऑर अँड म्हणून वाचला. दोन्ही वाटांनी S मध्ये तेच येते, कारण ‘A नाही किंवा C नाही’ आणि ‘A व C दोन्ही मिळून नाहीत’ ही एकच गोष्ट आहे. तुमच्या पाच ओळींच्या यादीत R पुढे काय लिहिले आहे ते पाहा. तिथे `AND` असेल तर गेट चुकीचे वाचले, `OR` असेल तर नॉट चुकीच्या जागी लावला.

सगळे 0 आले तर शेवटचा ऑर अँड समजला गेला. Q ला 1 होण्यासाठी A 1 हवा आणि S ला 1 होण्यासाठी A 0 हवा, त्यामुळे दोघे कधीच एकाच ओळीत 1 नसतात. वर्कशीटमध्ये सबंध रकाना 0 किंवा सबंध 1 येणे अशक्य नाही, पण असा रकाना आला की शेवटचे गेट पुन्हा पाहण्याइतकी शंका घ्यावी.

यांपैकी एकाशीही जुळले नाही तर बहुधा एखाददुसऱ्या ओळीत हात घसरला आहे. तेव्हा X पासून मागे जा. चुकलेल्या ओळीत Q आणि S बरोबर आहेत का? नसतील तर जो चुकीचा आहे त्याच्या पायांकडे. गेटामागून गेट मागे जात पहिला चुकीचा आकडा सापडला की तेवढाच दुरुस्त करा, आणि त्याच्या उजवीकडचे रकाने त्या एका ओळीपुरते पुन्हा भरा.

## ठिपका आहे की नाही, हे फोटोवरून ठरतच नसेल तर

कधी मूळ कागद मिळत नाही आणि उत्तर तर द्यायचे असते. अशा वेळी मी दोन्ही वाचनांची यादी करतो. आपल्या सर्किटमध्ये समजा A च्या तारेचा तो भाग सावलीत आहे आणि उभा फाटा A पर्यंत जातो की B वरच थांबतो हे दिसत नाही. पाचपैकी एकच ओळ बदलते: `R = A OR C` किंवा `R = B OR C`. दोन्हींसाठी R, S आणि X एवढेच रकाने भरायचे, P आणि Q तेच राहतात.

मग दोन्ही X शेजारी ठेवायचे. इथे ते फक्त 010 या ओळीत वेगळे पडतात. सात ओळी निर्धास्तपणे लिहा. आठव्या ओळीसाठी टेबलाखाली एक वाक्य लिहा: ‘खालच्या ऑरच्या वरच्या पायात A येतो असे धरले आहे.’ तपासणाऱ्याने B वाचला असेल तर त्याला फरक कुठे आहे ते एका नजरेत कळते, आणि वर्कशीट ज्याने पाठवली त्याला विचारायचा प्रश्नही नेमका होतो. ‘सर्किट नीट दिसत नाही’ असे विचारण्याऐवजी ‘ऑरच्या वरच्या पायातली तार A ची की B ची?’ एवढेच विचारा.